अजून एकही ग्राहक नव्हता, तेव्हा पहिल्या दारात काय सांगितलंत?

जळगाव, कंप्रेसर तपासणी

आधी माझा अनुभव सांगते, मग तुमचे येऊ द्या. नऊ वर्षं एका प्लास्टिक कारखान्यात मेंटेनन्स सांभाळल्यावर मी हवेच्या लाइनमधली गळती शोधून देण्याचं काम स्वतःच्या नावावर सुरू केलं. डाळ मिलांमध्ये खराब दाणे वेगळे काढणारा सॉर्टेक्स दिवसभर हवेवर चालतो, त्यामुळे गिऱ्हाईक तिथेच मिळेल हे पक्कं होतं. बावीस मिलांना मेसेज टाकला: ‘30 टक्क्यांपर्यंत वीज वाचवून देते.’ एकाच शेठचं उत्तर आलं, ‘कोणाची वाचवली?’ माझ्याकडे सांगायला एकही नाव नव्हतं.

दोन दिवस विचार करून दुसरा मेसेज लिहिला. पहिलंच वाक्य असं: ‘हे काम मी नव्याने सुरू केलंय, अजून एकही ग्राहक नाही.’ पुढे मला न बोलावता त्यांना स्वतः करता येईल अशी तपासणी दिली. रात्री मिल बंद झाली की सगळी यंत्रं थांबवा, हवेचे व्हॉल्व्ह मात्र उघडेच ठेवा आणि कंप्रेसर चालू राहू द्या. प्रेशर भरलं की तो अनलोड होईल, म्हणजे फिरत राहील पण हवा भरणार नाही. कोणी हवा वापरत नसताना तो पुन्हा लोड झाला, तर हवा कुठेतरी जातेय. मोबाइलच्या घड्याळावर लोडची आणि अनलोडची वेळ चार-पाच फेऱ्या मोजा. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेने भागलं की गळतीचा वाटा निघतो. शेवटी लिहिलं: ‘दहा टक्क्यांच्या आत असेल तर मला बोलावू नका.’

सहा जणांनी मोजून पाहिलं. चौघांनी आकडे पाठवले. त्यातल्या एका मिलमध्ये दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटं अनलोड, म्हणजे 30 टक्के. तो आकडा शेठनी स्वतःच्या हाताने काढला होता, त्यामुळे ‘कोणाची वाचवली’ हा प्रश्न पुन्हा आलाच नाही.

धुळे, जाहिरातीचं काम

एवढं कशाला? पहिल्या पाच जणांचं काम फुकट करून द्यायचं, त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्यायच्या, सहाव्यापासून पैसे. मी तसंच केलं आणि जमलं.

अमळनेर, वेबसाइट बनवतो

भाऊ, अर्धं पटतं. माझी तीन फुकट कामं तशीच लोंबकळली. पैसे लागले नव्हते म्हणून शेठ लोकांनी ना फोटो दिले, ना मजकूर. एकाने तर विचारलं, ‘तुना गिऱ्हाईक कोन शे?’ आणि तो स्वतःच माझं गिऱ्हाईक होता! नंतर मी थोडे पैसे घ्यायला लागलो आणि आधीच कागदावर लिहायला लागलो: काय देणार, कधी देणार, कशावरून झालं म्हणायचं. तेव्हा लोक वेळ द्यायला लागले.

आणखी एक चूक मनापासून सांगतो. सुरुवातीला सुरतच्या मामेभावांकडून गूगलवर पाच-पाच तारे टाकून घेतले. एका दुकानदाराने फोन करून शांतपणे विचारलं, ‘तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचं आडनाव एकच कसं?’ ते काम तर गेलंच, पण त्या माणसासमोर आजही मान वर होत नाही. ते अभिप्राय मी त्याच रात्री काढायला लावले. सूट देऊन अभिप्राय लिहून घेणंही गूगलच्या नियमात बसत नाही, हे धुळ्याच्या भाऊंनी लक्षात घ्यावं.

शिरपूर, नवीन दुकान

उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं की विश्वास बसतो ना? आणि त्यावर मुद्रा कर्ज किती मिळतं?

जळगाव, कंप्रेसर तपासणी

दादा, कर्जाचं बँकेतच विचारा. उद्यम नोंदणी मोफत असते आणि आपणच दिलेल्या माहितीवर होते. ती असावी, बिलावर नंबरही टाकावा. पण त्यातून व्यवसाय नोंदलेला आहे एवढंच कळतं, काम चांगलं आहे हे कळत नाही.

भुसावळ, निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर

ताई, तपासणी बरोबर आहे, पण दोन गोष्टी सांगा. कंप्रेसर व्हीएफडीचा असेल तर तो लोड-अनलोड होत नाही, वेग कमी-जास्त करतो. तिथे ही रीत लागू नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. 30 टक्के गळती म्हणजे 30 टक्के वीज वाचेल, असं कोणाला सांगितलं नाही ना? स्क्रू कंप्रेसर अनलोडमध्येही पूर्ण लोडच्या साधारण 25 ते 40 टक्के वीज घेत राहतो.

जळगाव, कंप्रेसर तपासणी

काका, तिथेच चुकले होते. त्या मिलमधला कंप्रेसर लोडवर 20 किलोवॅट घेत होता. गळती 30 वरून 10 टक्क्यांवर आणू म्हटलं आणि सरळ गुणाकार करून 4 किलोवॅट, म्हणजे दहा तासांच्या पाळीत 40 युनिट वाचतील असं लिहून दिलं. मग साबणाचं पाणी घेऊन लाइन धरली. सॉर्टेक्सच्या मागे एका पुश-फिट जोडाभोवती डाळीची भुकटी कुठेच बसलेली नव्हती, हवेने तेवढी जागा लख्ख ठेवली होती. पाणी लावताच फेस फुगला. असे अकरा जोड आणि एक तडकलेली फिल्टरची वाटी निघाली.

काम झाल्यावर आठवडाभर मीटर लावला. रोजची बचत 28 युनिटच. अनलोडला तो 6 किलोवॅट घेत होता, म्हणजे फरक 14 किलोवॅटचा, त्याचे 20 टक्के धरले की 2.8. हिशेब तंतोतंत जुळला, फक्त आधी करायला हवा होता. अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले: सांगितले 40, वाचले 28, चूक माझी. फी त्याच प्रमाणात कमी घेतली. शेठनी तोच कागद शेजारच्या मिलवाल्याला दाखवला, आणि दुसरं काम तिथून आलं.

जळगाव, डाळ मिल

मिलवाल्याच्या बाजूने सांगतो. आमच्याकडे रोज कोणीतरी फाइल घेऊन येतो, त्यात मोठ्या कारखान्यांचे फोटो. विचारलं तर कळतं, हा तिथे नोकरीला होता. मग बाकीच्या फाइलवरही विश्वास राहत नाही.

अमळनेर, वेबसाइट बनवतो

पण आप्पा, नोकरीत केलेलं काम सांगायचंच नाही का? अनुभव तर खरा आहे.

जळगाव, डाळ मिल

सांगा, पण ‘मी नोकरीत असताना’ असं म्हणून. आणि फोटो जुन्या मालकाला विचारून.

जळगाव, कंप्रेसर तपासणी

मी विचारलं होतं, जुन्या मालकांनी नाही म्हटलं. म्हणून फक्त वर्षं आणि कामाचं स्वरूप सांगते, कारखान्याचं नाव घेत नाही. काहींना हे लपवल्यासारखं वाटतं. यावर माझंही पक्कं उत्तर झालेलं नाही.

रावेर, केळीला ठिबकमधून खताचं वेळापत्रक

तुमचं अर्ध्या तासात मोजून होतं. माझा घड कापायला अकरा-बारा महिने लागतात. मृगबागेच्या पहिल्या हंगामात शेतकऱ्याला दाखवू काय?

भुसावळ, निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर

त्याच शेतात काही ओळी त्याच्या नेहमीच्या पद्धतीने सोडा. कुठल्या ओळी, ते त्यालाच ठरवू द्या.

रावेर, केळीला ठिबकमधून खताचं वेळापत्रक

ठिबकचा व्हॉल्व्ह पूर्ण प्लॉटला एकच आहे काका, दोन वेगळी खतं सोडता येत नाहीत. वेगळी सबमेन टाकायचा खर्च शेतकरी करणार नाही, तो मलाच उचलावा लागेल. आणि चौथ्या महिन्यात बुंध्याचा घेर जास्त भरला म्हणून घड वजनदार होईलच, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. घेर मोजून देईन, पण वजनाचा शब्द देणार नाही. एवढ्यावर कोणी प्लॉट देईल का? केळीवाल्यांपैकी कोणी असं करून पाहिलं असेल तर लिहा, निसवण सुरू व्हायच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या आत मला ठरवायचंय.