तान्ह्या पोळ्याच्या शुभेच्छा आणि ‘पुढचं कळव’

मानेवाड्याचा मामा
भाच्याचं फेब्रुवारीत बारावीचं फिजिक्स राहिलं होतं, पुरवणीत निघालं. आज घरच्या ग्रुपवर त्याला लिहिलं: ‘तान्ह्या पोळ्याच्या शुभेच्छा! पुरवणीत का होईना, बारावी निघाली, अभिनंदन. आता तरी मन लावून ठरव. बीएस्सी की डिप्लोमा? कळव.’ त्यानं नुसते हात जोडले अन् ग्रुप सोडला. शुभेच्छाच दिल्या ना मी? आजकालच्या पोट्ट्यांशी बोलावं तरी कसं?

सक्करदऱ्याची काकू
मामाजी, मला राहवत नाही म्हणून लांब लिहिते. तुमच्या मेसेजमध्ये अभिनंदन एक शब्द आहे, बाकी सगळी झडती आहे. ‘का होईना’ म्हणजे पेढ्यात खडा. ‘आता तरी’ म्हणजे आजवर तू मन लावलं नाहीस. आणि शेवटी ‘कळव’! चाळीस नातेवाइकांसमोर प्रश्न टाकल्यावर त्यानं काय करावं? ठरलं नाही म्हणावं तर सगळे सल्ले घेऊन धावतील, गप्प बसावं तर उर्मट ठरेल.

हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते. मागल्या वर्षी पुतण्याला पोळ्याच्या शुभेच्छांतच लिहिलं, ‘सीईटीत छान केलंस, कुठलं कॉलेज मिळालं ते सांग.’ त्याच दिवशी कॅपच्या यादीत त्याला हवी ती ब्रँच हुकली होती, मला माहीत नव्हतं. आठवडाभर उत्तर नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आला, तेव्हा स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसून पानं पुसत होता. पानाकडेच बघत म्हणाला, ‘काकू, चारदा लिहिलं अन् चारदा खोडलं.’

तेव्हापासून ग्रुपवर मी सगळ्यांना मिळून सणाच्या शुभेच्छा देते, आणि अभिनंदन त्या लेकराच्या एकट्याच्या नंबरवर. त्यात झालेलीच गोष्ट लिहायची, आपण डोळ्यांनी पाहिलेली. मग पुन्हा सणाकडे वळायचं आणि थांबायचं. प्रश्नचिन्ह कुठंच नाही. तुमच्या जागी मी असं लिहिलं असतं:

‘तान्ह्या पोळ्याच्या शुभेच्छा रे! मे महिन्याच्या उन्हात तू गच्चीच्या जिन्यात फिजिक्स घेऊन बसायचास ते मी पाहिलंय. पास झालास, फार आनंद झाला, अभिनंदन. तुझा लाकडी बैल अजून आमच्या माळ्यावर आहे. त्याचं शिंग चिकटवलं अन् आज धाकटीनं तो गल्लीभर ओढला. करंज्या डब्यात भरून पाठवते.’

उत्तर आलं तर आलं. नाही आलं तरी करंज्या जातीलच.

धंतोलीकर
काकूंचं बरोबर, पण अर्धवट. भविष्याचा उल्लेखच नको. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’, ‘असंच यश मिळत राहो’ हेसुद्धा ओझंच आहे. माझ्या मते बंदीच घालावी.

यंदाचा बारावीवाला
मी त्याच वयाचा आहे म्हणून बोलतो. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ आम्ही वाचतच नाही, चौकातल्या बॅनरवरचं वाक्य आहे ते. ‘असंच यश’ मात्र लागतं, कारण पुढच्या वेळी आलं नाही तर काय? आणि सगळ्यात जास्त लागतं ते ‘टेन्शन घेऊ नको, जे करशील ते चांगलंच करशील.’ सकाळपासून विसरलेलं असतं, तेच आठवून देतात. काकूंचा बैलवाला मेसेज मला आला असता तर मी उत्तर दिलं असतं. मामांच्याला मीही हात जोडले असते.

नंदनवनचे भाऊ
एवढं काऊन लिहून राहिले सगळे? बीएस्सीच्या जागा कॉलेजात राहिल्या असतील. पोट्ट्याला मार्कशीट अन् टीसी घेऊन उद्याच पाठवा, दोन-तीन कॉलेजं फिरा. डिप्लोम्याचं वेगळं पाहा.

सक्करदऱ्याची काकू
भाऊ, प्रवेश कसा घ्यायचा हे कोणी विचारलंच नाही. तुमच्यासारखे सात जण त्या ग्रुपवर असतील म्हणूनच त्यानं ग्रुप सोडला.

अजनीचे काकाजी
माझं ऐका. दहावी झाल्यावर मला कोणी काहीच विचारलं नाही. वडील नव्हते, सगळे म्हणत, पोराला त्रास नको. दोन वर्षं मी पानठेल्यावर उभा राहिलो. मग एका पोळ्याला मामा घरी आला, माझ्या हातावर बोजारा ठेवला अन् म्हणाला, ‘आयटीआयचा फॉर्म भरतो का?’ फिटरच्या नोकरीत 31 वर्षं काढली ती त्या एका प्रश्नामुळं. न विचारणं हे प्रेमच असतं असं मला कोणी शिकवू नये.

सक्करदऱ्याची काकू
काकाजी, तुमचा मामा घरी आला होता. त्यानं तुमचा चेहरा पाहिला, मग विचारलं. ग्रुपवर ‘कळव’ लिहून नाही गेला.

अजनीचे काकाजी
ठीक आहे, ग्रुपवर नको. एवढं मानतो. पण कधीच नको, हे मानणार नाही.

महालवाली
बोजाऱ्याचा विषय निघालाच तर सांगते. आमच्याकडे जेठ टक्क्यांवर बोजारा देतात. पंच्याऐंशीवाल्याला पाचशे, साठवालीला शंभर, तेही एकाच वेळी, सगळ्यांसमोर. माझी लेक दहावीनंतर बैल घेऊन बाहेरच पडली नाही.

इतवारीचा दुकानदार
मेहनत केली त्याला जास्त दिलं तर काय बिघडलं? आमच्या लहानपणी चार आणे मिळायचे, त्याचीही किंमत होती.

महालवाली
बोजारा बैल आणतो त्या लेकराला देतात, मार्कशीट आणतो त्याला नाही! बक्षीस द्यायचं तर निकालाच्या दिवशी द्या, पाकीट वेगळं करा. सणाच्या दिवशी दारात उभ्या लेकराची किंमत करू नका.

इतवारीचा दुकानदार
एवढं चिडायला काय झालं? सरसकट सारखं दिलं तर हुशाराचं मन मोडते, त्याचं काय?

महालवाली
दोन वर्षं झाली, माझी लेक आजही त्या दिवशी खोलीचं दार लावून बसते. म्हणून चिडले.

धंतोलीकर
हे पटलं. पाकिटं सारखीच असावीत. माझी मावशी आता सगळ्यांना ऑनलाइन सारखेच पाठवते, कोणाला किती ते कोणाला दिसत नाही.

अजनीचे काकाजी
ऑनलाइन बोजारा? अहो, हातात नाणं ठेवल्याशिवाय तो बोजारा होतो काय? लाकडी बैलाला टिळा कुठं लावणार, मोबाईलला?

इतवारीचा दुकानदार
याच्यावर काकाजींशी सहमत. टक्क्यांवर नाही.

मानेवाड्याचा मामा
बोजाऱ्याचं तुमचं चालू द्या. काकू, ‘का होईना’ मी वाईट मनानं नव्हतं लिहिलं. आमच्या घरात असंच बोलतात, मलाही असंच बोलले. तुमचा मेसेज जसाच्या तसा पाठवला तर त्याला कळेल की तो माझा नाही. तो आमच्याकडे जिन्यात बसायचा नाही, पहाटे चारला दिवा लावायचा. माझी झोप मोडायची अन् मी ओरडायचो. तेच लिहिलं, की ओरडायचो ते चुकलं. अन् पास झालास, अभिनंदन. पुढचं काही विचारलं नाही.

सक्करदऱ्याची काकू
काही आलं का उत्तर?

मानेवाड्याचा मामा
निळ्या खुणा झाल्यात. दुपारपासून तेवढंच. बहिणीला फोन करून विचारू का, वाचून काय म्हणाला?

यंदाचा बारावीवाला
मामा, नका करू फोन.