विमान रद्द, परतावा अडकला: पोर्टलला तक्रार कशी लिहू?

मंडळी, मदत हवी आहे. आई-बाबांचं पुणे-कोलकाता विमान कंपनीनेच रद्द केलं. तिकिटं एका ट्रॅव्हल पोर्टलवरून काढली होती, १८,४०० रुपयांची. आता पोर्टल म्हणतं, "एअरलाइनकडून पैसे आलेलेच नाहीत." एअरलाइन म्हणते, "आम्ही एजंटच्या खात्यात कधीच जमा केले, त्यांना विचारा." नुसती टोलवाटोलवी!

तिकीट पोर्टलवरून घेतलं तरी परताव्याची जबाबदारी एअरलाइनचीच, असा डीजीसीएचा नियम आहे. पण पैसे खरंच पोर्टलच्या वॉलेटमध्ये पडून असतील तर त्यांनाही सोडायचं नाही. म्हणून जमा केल्याची तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक एअरलाइनकडे ईमेलवर मागितलाय. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून काय कामाचं? उत्तर आलं की ते पीएनआरसह पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवणार, एअरलाइनच्या नोडल अधिकाऱ्याला सीसीत ठेवून.

पण एअरलाइनने क्रमांक दिलाच नाही तर पोर्टलला नेमकं काय लिहायचं? एअरसेवावर एअरलाइनविरुद्ध आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पोर्टलविरुद्ध, अशा दोन तक्रारी एकदम केल्या तर चालतात का? आणि पोर्टलची कन्व्हिनियन्स फी अशा वेळी कुणाला परत मिळाली आहे का?