‘स्पर्श’ घरी मुलांना दाखवावा का?

धरमपेठकर : उन्हामुळे नातवंडे दुपारभर घरातच असतात. शेजारी दृष्टिहीन शिक्षक राहायला आले आहेत आणि मुले त्यांच्याशी विनाकारण मोठ्याने, सावकाश बोलतात. मोठा 14 वर्षांचा, धाकटी 9 वर्षांची. सई परांजपे यांचा 1980 चा ‘स्पर्श’ दाखवावा का?

निवृत्त विशेष शिक्षिका : अवश्य दाखवा, तोही कॉफीच्या प्रसंगासाठी. अंधशाळेचा दृष्टिहीन मुख्याध्यापक अनिरुद्ध पाहुणचार करत असताना नायिका कविता मदतीला हात पुढे करते आणि तो भडकतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी मी हेच पाहिले आहे. डबा, चमचा, कप यांची जागा हाताला पाठ झालेली असते. प्रेमापोटी कोणी कप वीतभर सरकवला, तरी हात रिकाम्या जागी पडतो, आणि दोष मात्र दृष्टिहीनाच्या माथी येतो. मुलांना थांबवून विचारा की कविताने आधी काय विचारायला हवे होते.

सीताबर्डी : मला हे पटत नाही. अनिरुद्धची भूमिका करणाऱ्या नसीरुद्दीन शाह यांना दिसते. दृष्टिहीनांना वगळून केलेले चित्रण वास्तव कसे? 2014 च्या ‘येलो’मध्ये डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःचीच भूमिका करते. शिवाय अनिरुद्धचा सततचा राग पाहून मुले सरांना घाबरतील.

निवृत्त विशेष शिक्षिका : मुख्य भूमिकेपुरता आपला आक्षेप रास्त आहे. ‘वगळून’ मात्र म्हणता येणार नाही, कारण चित्रीकरण दिल्लीच्या अंधशाळेत झाले आणि पडद्यावरची मुले तिथलीच आहेत. रागाचे म्हणाल, तर चित्रपट त्याला नेहमी बरोबर ठरवत नाही. दृष्टिहीन मित्र दुबेचे स्वतःच्या संसाराविषयीचे बोलणे ऐकून अनिरुद्धच्या मनात संशय शिरतो, कविता त्याग म्हणून लग्न करते आहे असे तो ठरवून टाकतो आणि ठरलेले लग्न मोडतो. दयेची भीतीही माणसाला अन्यायी करते, हे इतक्या स्वच्छपणे मी फारसे पाहिलेले नाही.

महालकर : माझ्या आईची दृष्टी काचबिंदूने गेली. चित्रपट लावला की मी सतत बोलत राहतो आणि ती वैतागते. दृष्टिहीनांनी चित्रपट पाहावा कसा, हेच विचारले आहे ना?

निवृत्त विशेष शिक्षिका : प्रश्न तो नव्हता, तरी सांगते. संवादांच्या मधल्या जागेत एकच वाक्य बोला, आणि जे दिसते तेवढेच सांगा; ‘तिला वाईट वाटले’ हे त्यांचे त्यांना कळू द्या.

सीताबर्डी : तरीही 9 वर्षांच्या मुलीला उत्तरार्ध जड जाईल.

धरमपेठकर : धाकटीला कॉफीच्या प्रसंगापर्यंतच बसवतो. शेजारच्या सरांनाही बोलवावे असे वाटते, पण त्यांच्यासमोर हाच चित्रपट लावणे शहाणपणाचे होईल का, यावर घरात दोन मते आहेत.