पाईप फुटल्याचा अर्ज : ‘करणेबाबत’ की ‘करण्याबाबत’?

मधली आळी : काकूंच्या नावाने ग्रामपंचायतीत उद्या अर्ज द्यायचाय. शुद्धलेखन तपासून द्या.

“प्रती, मा. सरपंच. विषय : फुटलेला पाईप दुरूस्त करणे बाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळवते कि, मारुती मंदिराजवळील पाण्याचा पाईप गेले आठ दिवसांपासून फुटला असून पाणी गटारात जाते व वरच्या घरांना चढत नाही. तरी त्वरित दुरुस्ती व्हावी ही विनंती. आपला विश्वासू.”

जुना कारकून : काकूंचा अर्ज ना? मग ‘आपली विश्वासू’. वर ‘प्रति’ ऱ्हस्व लिहा. ‘प्रती’ म्हणजे अर्जाच्या नकला. त्या मात्र दोन न्या, एकीवर पोच घ्या. ‘कि’ला दीर्घ करा.

खरी चूक मधल्या वाक्यात आहे. ‘गेले आठ दिवस’ किंवा ‘गेल्या आठ दिवसांपासून’, दोन्हींची खिचडी नको. शिवाय फुटणं एकदाच होतं, ते आठ दिवस चालत नाही. चालते ती गळती. म्हणून ‘पाईप आठ दिवसांपूर्वी फुटला असून तेव्हापासून पाणी गटारात जात आहे’ असं लिहा. तक्रार कधीपासूनची हे कार्यालयात याच वाक्यावरून पाहतात.

‘विषयान्वये’ काढा. ‘अन्वये’ कलमाला किंवा आदेशाला शोभतं. ‘वरील विषयास अनुसरून’ पुरे, त्यात ‘रू’ दीर्घ.

शुद्धलेखन्या : ‘दुरूस्त’ बरोबर आहे. गरीब, वकील, तसंच हे. शेवटून दुसरं अक्षर दीर्घ.

जुना कारकून : नियम खरा, पण पुढे जोडाक्षर आलं की ऱ्हस्व. शिस्त, भिस्त, तसंच दुरुस्त. तिने खाली ‘दुरुस्ती’ बरोबर लिहिलंय, वरच घसरली.

पांदीवरचा : आमच्याकडे पाणीपट्टी भरूनही तिसऱ्या दिवशी पाणी येतं. त्याचा अर्ज कोणाकडे?

मधली आळी : दादा, वेगळा धागा काढा ना. ‘करणे बाबत’चं काय? शासन निर्णयांत ‘करणेबाबत’ सर्रास दिसतं.

जुना कारकून : दिसतं, आणि मीही नोकरीभर तेच लिहिलं. पण ‘बाबत’ शब्दयोगी, तो मागच्या शब्दाला चिकटतो आणि सामान्यरूप मागतो. ‘घर’चं ‘घराबाबत’, तसं ‘करणे’चं ‘करण्याबाबत’. ‘करणेबाबत’ ही कचेरीची सवय. त्यावरून अर्ज कोणी परत करणार नाही. तोडून लिहिणं मात्र चूकच.

शुद्धलेखन्या : मग ‘पाईप’ की ‘पाइप’?

जुना कारकून : त्याच तुमच्या नियमाने ‘पाईप’, आणि ‘पाइपाचा’ म्हणताना ऱ्हस्व.

शुद्धलेखन्या : ‘पाइपाचा’ म्हणतं कोण? सगळे ‘पाईपचा’ म्हणतात. आणि उच्चार ऐकला तर ‘इ’ आखूडच आहे. मला पटत नाही.

मधली आळी : मी ‘जलवाहिनी’ लिहू का?

जुना कारकून : नको. नळ दुरुस्त करणाऱ्यालाही ‘पाईप’च कळतो. त्यापेक्षा मंदिराच्या कोणत्या बाजूला, कोणाच्या घरासमोर, ते लिहा.