सरांना हे पत्र देऊ का? मदत हवी आहे

मी जळगावला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पत्रात काही चुकतंय का, सांगा.

"आदरणीय सर, रावेरकडच्या केळीवरील करप्याच्या अहवालातल्या ४० झाडांच्या नोंदी मी स्वतः बागेत जाऊन घेतल्या. प्रस्तावनेची भाषा मात्र चॅटबॉटकडून सुधारून घेतली. त्याने सुचवलेल्या पाच संदर्भांपैकी दोन शोधूनही कुठेच सापडले नाहीत, म्हणून काढले. हे अहवालात नमूद करावं का? केलं तर ऋणनिर्देशात की कार्यपद्धतीत? 'हे काम माझे स्वतःचे आहे' या प्रतिज्ञापत्रावर सही करताना हात अडतो."

मित्र म्हणतात गप्प बस, गुण जातील. मला लपवायचं नाही. चॅटबॉट कोणत्या भागासाठी वापरला एवढं लिहिणं पुरे, की त्याला विचारलेले प्रश्नही परिशिष्टात जोडू?