अनुभव धागा: फिनाइल, फवारणीचं औषध अन् थंड्याची बाटली

निवृत्त_सिस्टर
रविवारी सोसायटीची मीटिंग होती. पंपाच्या बिलावरचं भांडण आटोपल्यावर सचिव म्हणाले, "ताई, फिनाइल, औषधं पोट्ट्यांपासून कशी दूर ठेवायची, दोन मिनिटं बोला." त्याच सकाळी लुनावरचा फिनाइलवाला घरोघरी थंड्याच्या बाटल्यांत सुटं फिनाइल भरून देऊन गेला होता. त्यावरून ग्रामीण रुग्णालयातल्या नोकरीतली एक रात्र आठवली, तेच सांगितलं.

चारेक वर्षांचा मुलगा. कपाशीच्या फवारणीतलं उरलेलं औषध आजोबांनी पाण्याच्या बाटलीत घरी आणून मोरीत ठेवलेलं, पोराने घोट घेतला. बाप म्हणे मातीचं तेल पेलं. बाटलीला वासही तोच. रॉकेल असतं तर मुलाला उलटी करवायची नाही, कारण परत वर येताना ते फुप्फुसात उतरतं. खोकला येतो का, श्वास वाढतो का, हे पाहत काही तास ठेवून घ्यायचं. पण याच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. रॉकेलनं असं होत नाही. ही काही फवारणीच्या औषधांची लक्षणं, ती पाहून डॉक्टरांनी त्यावरचा उतारा, अट्रोपिन, सुरू केला. फवारणीची बरीच औषधं रॉकेलसारख्याच तेलात विरघळवलेली असतात, म्हणून वास फसवतो. मूळ डबा सोबत असता तर घटकाचं नाव अन् उतारा लेबलवरच वाचला असता. पोरगा वाचला, पण वेळ अंदाजात गेला.

म्हणून मी मीटिंगात सांगितलं, कुठे ठेवायचं ते मागाहून पाहू, आधी बाटली बदलणं बंद करा. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा.

वऱ्हाडी_काकू
अगं बाई. आमच्या जावेच्या नातीनं पांढरं फिनाइल ताक समजून तोंडाला लावलं होतं. मिठाचं पाणी पाजून ओकवलं, ठीक झाली. घरात मीठ तर असतंच.

निवृत्त_सिस्टर
काकू, ठीक झाली हे नशीब. मिठाचं पाणी लहान मुलाला नकोच, मीठच रक्तात चढतं. ओकवूही नका. तोंड पुसा, चूळ भरता येत असेल तर भरू द्या, अन् बाटलीसकट दवाखान्यात न्या. संडास साफ करायचं अ‍ॅसिड असेल तर ते उलटीत दुसऱ्यांदा घसा जाळतं.

काकाजी_दारव्हा
दूध पाजावं. दुधानं विष मरते. आम्ही फवारणीनंतर दूधच पेत होतो.

निवृत्त_सिस्टर
नाही काकाजी. दुधानं फवारणीचं विष मरत नाही, अन् पोट भरलं की उलटीची भीती वाढते. फवारणीनंतर साबणानं आंघोळ अन् कपडे बदलणं, ते उपयोगाचं.

पंपवाला_वॉचर
पंपाच्या बिलाचं काय ठरलं ते कोणी सांगेल का? मी शेतात होतो.

मेडिकलवाला_पोट्टा
डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा असला म्हणजे बिनधास्त.

निवृत्त_सिस्टर
क्रम बरोबर, बिनधास्त मात्र नाही. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी. चार वर्षांच्या पोट्ट्याच्या अंगाला घोटभरही पुष्कळ.

आईची_धावपळ
भाजी चुलीवर ठेवून लिहिते. आमच्याकडे डासांच्या मशीनची बाटली लेकाने प्लगातून ओढून काढली अन् नळी चोखली. वासावरून रॉकेलच वाटलं. मी उचलून पळाले, पण डबी हातात घेतली होती, म्हणून डॉक्टरांना लगेच कळलं आत काय आहे. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, खोकला नाही, घरी. आता मशीन वरच्या प्लगाला आहे. भाजी लागली वाटते 😅

लेआउट_नंबर_सहा
मॅडम, मूळ डब्यातच ठेवायचं हे पटलं. पण ठेवायचं कुठे? दोन खोल्यांचं घर. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी असते. गॅलरीत ठेवलं तर वानरं नेतात. खरंच नेतात, मागल्या महिन्यात फिनाइलची बाटली समोरच्या टाकीवर सापडली.

वऱ्हाडी_काकू
वानराने पेलं का मग?

लेआउट_नंबर_सहा
झाकण चावून फेकलं, आमच्यापेक्षा हुशार.

निवृत्त_सिस्टर
वानरावर माझ्याकडे उतारा नाही. आमच्या इथे एकाने भिंतीत उंचावर पत्र्याची कुलपाची पेटी ठोकली, पण तीही उन्हात तापते. शेतीचं औषध तर घरी आणूच नये असं मला वाटतं. आजोबांना शेतातल्या कोठ्यात चोरीची भीती. यावर मीटिंगात एकमत झालं नाही.

काकाजी_दारव्हा
कोठ्यातून माझे दोन डबे गेले आहेत. म्हणून घरी आणतो. बाटलीत मात्र नाही भरणार आता.

मेडिकलवाला_पोट्टा
लिहून ठेवा: गाडीला 108, अन् दिल्लीच्या एम्सचं विषाच्या माहितीचं केंद्र आहे, 1800 116 117, फुकट लागतो. पण तिकडेही पहिला प्रश्न हाच, काय पेलं?

पंपवाला_वॉचर
अन् बिल?

आईची_धावपळ
भाऊ, समान वाटून भरायचं ठरलं. वरच्या मजल्याचे चिडले आहेत, तुम्हाला फोन येईल.