बोस्नियाच्या संविधानातले 'इतर' मराठीत कसे लिहायचे?

तिठा
राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एका लेखाचा अनुवाद करते आहे. विषय बोस्निया-हर्झगोविना. १९९५ साली डेटनला युद्ध थांबवणारा करार झाला, त्याचं चौथं परिशिष्ट हेच त्या देशाचं संविधान. मूळ मसुदा इंग्रजीत आहे. उद्देशिकेत बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब या तिघांना देश घडवणारे लोक म्हटलंय आणि लगेच कंसात 'इतरांसह' असं जोडलंय.

इंग्रजीत हा शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, त्यामुळे ते एका कायदेशीर वर्गाचं नाव आहे हे दिसतं. रोमा, ज्यू आणि ज्यांना स्वतःला या तिघांपैकी काहीच म्हणवून घ्यायचं नाही असे सगळे त्यात येतात. देवनागरीत मोठं अक्षर नाही. 'बोस्नियाक, क्रोएट, सर्ब आणि इतर' असं लिहिलं की वाचणारा ते 'वगैरे' समजून पुढे जातो. माझा मसुदा वाचून मैत्रिणीने विचारलंच, "बाकीची नावं का गाळलीस?" दर वेळी अवतरणचिन्हं टाकली तर पान बटबटीत होतं. काय करावं?

बोरूबहाद्दर
'इतरेजन' वापरा. तयार शब्द आहे, माणसांनाच लागतो, 'वगैरे'शी गल्लत होत नाही. मोठं अक्षर नसणं हा देवनागरीचा दोष मानू नका. आपण विशेषनाम संदर्भाने ओळखतो, आणि तो संदर्भ उभा करणं अनुवादकाचं काम आहे.

ओसरी
'इतरेजन' ऐकलं की "इतरेजनांनी यात पडू नये" हाच सूर कानात येतो. त्यात तुच्छता आहे.

मी 'उपरी' सुचवेन. पूर्वी गावात मिरासदार असत आणि उपरी असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, गावकीत मान. उपरीही जमीन कसायचा, पण हक्क सांगू शकायचा नाही. बोस्नियात तीन मिरासदार जमाती आहेत, प्रत्येक जमात आपापला राष्ट्राध्यक्ष निवडते, आणि बाहेरून आलेल्या थोड्या लोकांना काही मिळत नाही. चित्र अगदी जुळतं.

माळढोक
ओसरीताई, हक्काचा भाग जुळतो, बाकीचा नाही. मी साराजेवोत काही वर्षं कामाला होतो, म्हणून लिहितो. तिथले ज्यू स्पेनमधून हाकलले गेल्यानंतर सोळाव्या शतकात आले. रोमाही कित्येक शतकं तिथेच आहेत. त्यांना 'उपरी' म्हटलं तर ते पाहुणे आहेत असा अर्थ होतो, आणि त्यांची तक्रार नेमकी त्याविरुद्ध आहे.

दुसरं, अध्यक्षपदावर तिथे तीन सदस्य असतात, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब; पण प्रत्येक जमात आपापला सदस्य निवडते असं नाही. देशाचे दोन भाग आहेत. सर्बांच्या भागात जो कोणी मतदार असेल, बोस्नियाक असो वा रोमा, तो सर्ब सदस्यासाठी मत देतो. दुसऱ्या भागात, म्हणजे फेडरेशनमध्ये, मतदाराने बोस्नियाक किंवा क्रोएट यांपैकी एकच जागा निवडून तिथे मत टाकायचं. त्यामुळे मत सगळ्यांना आहे, उमेदवारीला जमातीचं आणि मुलखाचं कुंपण आहे. सर्बांच्या भागात राहणारा बोस्नियाक अध्यक्षपदाला उभा राहू शकत नाही आणि फेडरेशनमधला सर्बही नाही. स्रेब्रेनित्साचे डॉक्टर इलियाझ पिलाव याच कारणासाठी स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २०१६ साली जिंकले. ते 'इतर' नाहीत, बोस्नियाक आहेत. म्हणजे कुंपण मिरासदारालाही लागतं, फक्त चुकीच्या गावात असला तर.

आणि मत असं मोकळं असल्यामुळे उलटा पेचही पडतो. झेल्को कोमशिच क्रोएट जागेवर चार वेळा निवडून आले. क्रोएट पक्षांचं म्हणणं असं की त्यांना मतं बोस्नियाकांची पडली, तेव्हा ते आमचे प्रतिनिधी नव्हेत.

ओसरी
मतदानाचं लक्षात आलं. पण मिरासदारी उपमेतला हक्काचा भाग मी सोडणार नाही. कसणाऱ्याला हक्क नसणं, हाच तर मुद्दा आहे.

कर्दळी
माझी आई वसईची ख्रिश्चन, बाबा हिंदू. शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात बाबा 'इतर' वर खूण करायचे. एका वर्षी कार्यालयातल्या बाईंनी ती खोडून बाबांचा धर्म लिहिला, कारण "इतर म्हणजे पारशी वगैरे, तुम्ही नाही." तिठाताई, शब्द कोणताही घ्या, पण त्यात स्वतः निवडून गेलेली माणसंही असतात हे दिसायला हवं. आपल्याकडे 'इतर मागासवर्ग' आहेच की. तिथे 'इतर' कुणाला 'वगैरे' वाटत नाही. त्यांना किती जागा राखीव आहेत तिकडे?

माळढोक
कर्दळीताई, तुमचा पहिला मुद्दा अगदी बरोबर आहे. आझ्रा झोर्निच या बाईंनी आपली नोंद फक्त 'बोस्नियाची नागरिक' म्हणून केली, कोणत्याही जमातीत नाव घालायला नकार दिला, आणि त्यामुळे त्यांनाही अध्यक्षपदाची व वरिष्ठ सभागृहाची उमेदवारी बंद. त्याही स्ट्रासबर्गला जिंकल्या, २०१४ साली.

राखीव जागांचं मात्र तसं नाही. देशाच्या वरिष्ठ सभागृहात १५ जण बसतात : पाच बोस्नियाक, पाच क्रोएट, पाच सर्ब. इतर शून्य. रोमा समाजाचे देर्वो सेजदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिन्सी यांनी याचविरुद्ध दावा लावला आणि डिसेंबर २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशा चारही निवडणुका जुन्याच नियमांनी झाल्या. नियम बदलायचे तर तिन्ही बाजूंच्या पक्षांनी मिळून संविधान दुरुस्त करायला हवं, आणि आपली हमखास जागा जाईल या भीतीने कुणी पुढे सरत नाही.

बोरूबहाद्दर
चर्चा राजकारणाकडे चालली आहे. शब्दाकडे येऊ. तिठाताई, त्या वरिष्ठ सभागृहाचं नाव तुम्ही काय केलंत?

तिठा
तिथेही अडलेय. मूळ नाव 'दोम नारोदा'. दोम म्हणजे घर, नारोद म्हणजे लोक. शब्दशः 'लोकसभा'! पण आपल्या लोकसभेत सगळे मिळून एकच 'लोक' धरलेले आहेत. त्यांच्याकडे तीन वेगवेगळे 'लोक' आहेत, आणि मराठीत 'लोक' एकवचनात नि अनेकवचनात सारखाच दिसतो. संपादकांना मी 'लोकगणसभा' सुचवलं, त्यांना ते पुराणातलं वाटलं.

बोरूबहाद्दर
'गणसभा' करा, सुटसुटीत आहे. आणि त्या तिघांना 'घटक गण' म्हणा.

ओसरी
'घटक' नको हो. आघाडीतल्या घटक पक्षांसारखं वाटतं, आज आहेत, उद्या बाहेर पडतील. शिवाय 'घटकराज्य' हा शब्द तिथल्या दोन भागांसाठी लागेल तेव्हा काय करणार?

माळढोक
यात मला रस आहे, कारण तिथे या एका शब्दावर खटला झाला. या तिघांना तिथे कोन्स्टिटुटिव्नी म्हणतात. त्याचा अर्थ 'मिळून बनलेल्यातला एक भाग' की 'राज्य स्थापन करणारा'? सर्बांच्या भागाच्या संविधानात ते सर्ब लोकांचं राज्य आहे असं लिहिलेलं होतं, आणि फेडरेशनच्या संविधानात देश घडवणारे म्हणून फक्त बोस्नियाक आणि क्रोएट. तेव्हा अध्यक्षपदावर असलेले बोस्नियाक नेते अलिया इझेतबेगोविच यांनी विचारलं की देशपातळीवर तिघेही जर देश घडवणारे असतील, तर देशाच्या अर्ध्या भागात त्यातले दोघे पाहुणे कसे?

संविधान न्यायालयाने २००० साली म्हटलं की तिघेही सगळीकडे, दोन्ही भागांत, समान. नऊ न्यायाधीशांत निकाल पाच विरुद्ध चार. दोन बोस्नियाक आणि तीन परदेशी न्यायाधीश एका बाजूला, दोन सर्ब आणि दोन क्रोएट दुसऱ्या बाजूला. न्यायालयातसुद्धा मतं जमातीवारच पडली. त्या निकालानंतर दोन्ही भागांची संविधानं बदलावी लागली. तेव्हा मराठी शब्दात 'स्थापना' यायला हवी असं मला वाटतं. 'स्थापक लोकसमाज'.

कर्दळी
पण इतकं वाटून दिल्यावर कारभार चालतो का?

माळढोक
कधी चालतो, कधी अडतो. वरिष्ठ सभागृहात कोणत्याही गटातल्या बहुसंख्य सदस्यांनी 'हा ठराव आमच्या प्राणभूत हिताला बाधक आहे' असं जाहीर केलं की तो ठराव तिन्ही गटांच्या वेगवेगळ्या बहुमताशिवाय पुढे सरकत नाही. दुसऱ्या गटाने त्या दाव्यालाच हरकत घेतली तर तिघांची समिती बसते. पाच दिवसांत तिचं जुळलं नाही तर प्रकरण संविधान न्यायालयात. पण कित्येकदा गोष्ट तिथपर्यंत जातच नाही. कायदा व्हायला दोन्ही भागांतल्या प्रतिनिधींची किमान एक तृतीयांश मतं लागतात, आणि तेवढ्यावरच तो अडवता येतो.

२०१३ सालचं उदाहरण बघा. तिथे प्रत्येक बाळाला १३ आकडी नागरिक क्रमांक मिळतो, त्यातले दोन आकडे जन्माचा विभाग सांगतात. न्यायालयाने जुन्या कायद्यातलं कलम रद्द केलं, आणि हे विभाग दोन भागांच्या सीमेप्रमाणे आखायचे की नाही यावर संसदेचं जुळेना. फेब्रुवारीपासून जन्मलेल्या बाळांना क्रमांक मिळणं बंद झालं. क्रमांक नाही म्हणून पासपोर्ट नाही, आणि परदेशी उपचारांची गरज असलेली तान्ही मुलं अडकून पडली. जूनमध्ये साराजेवोत लोकांनी संसदेला साखळी करून वेढा घातला. त्या गर्दीत तिन्ही जमातींची माणसं होती.

तरी हे मी ठामपणे सांगेन की ज्या लोकांनी साडेतीन वर्षं एकमेकांना मारलं, त्यांच्यात १९९५ नंतर युद्ध झालेलं नाही. बहुमताच्या जोरावर आपल्याला कुणी चिरडणार नाही, ही खात्री अल्पसंख्य गटाला या नकाराधिकारातूनच मिळते. इतरांना ती खात्री कुणी दिली नाही, कारण १९९५ साली त्यांच्याकडे सैन्य नव्हतं.

बोरूबहाद्दर
'नकाराधिकार' लिहिलंत, 'व्हेटो' नाही, याचं समाधान वाटलं. 'प्राणभूत हित' मात्र ओढूनताणून आहे. 'जिव्हाळ्याचे प्रश्न' हा शब्दप्रयोग घराघरात आहे.

ओसरी
जिव्हाळा सासूसुनेत असतो. कायद्यात 'मूलभूत हित' म्हणावं.

माळढोक
'मूलभूत' म्हटलं की मूलभूत हक्क आठवतात, आणि ते व्यक्तीचे असतात. हे हित गटाचं आहे. तिथला सगळा झगडा व्यक्ती आणि गट यांच्यातलाच आहे, म्हणून हे दोन शब्द एकमेकांजवळ आणू नयेत.

तिठा
सध्या मी असं ठरवलंय : 'स्थापक लोकसमाज', 'लोकसमाजांचे सभागृह', आणि पहिल्या उल्लेखाला 'इतर या वर्गातले नागरिक', पुढे 'इतर-वर्गीय'. बोरूबहाद्दर काका, 'इतरेजन' मी घेत नाहीये. कर्दळीताईंसारख्या घरातल्या मुलीने हा लेख वाचला तर तिला तो शब्द लागेल.

बोरूबहाद्दर
'इतर-वर्गीय' वाचून मुलं आठवीतून नववीत गेलेल्यांचा वर्ग समजतील. शिवाय शब्दाचा अर्थ बिघडला म्हणून आपण तो सोडून देत गेलो तर भाषेत उरेल काय? 'इतरेजन' चांगल्या अर्थाने वापरत राहिलं की तो सुधारेल.

कर्दळी
काका, शब्द सुधारेपर्यंत तो आम्हाला लावून बघायचा का? 'इतर-वर्गीय' मला चालेल. पण जोडरेघ काढा.

ओसरी
एक वेगळंच विचारते. सगळे 'बोस्नियाक' लिहिताहेत. वर्तमानपत्रात 'बोस्नियन मुस्लिम' असायचं. दोन्ही एकच ना?

माळढोक
एकच म्हणता येणार नाही. युगोस्लाव्हियात 'मुस्लिमान' मोठ्या अक्षराने लिहिलं तर राष्ट्र, लहान अक्षराने लिहिलं तर धर्म. १९७१च्या जनगणनेत ती राष्ट्र म्हणून नोंद सुरू झाली आणि १९९३ साली त्यांनी स्वतःच 'बोश्न्याक' हे नाव घेतलं. 'बोसानात्स' म्हणजे बोस्नियाचा रहिवासी, मग तो कोणीही असो. आपल्याकडे दोन्हींना 'बोस्नियन' लिहितात.

तिठा
मग मी 'बोस्नियाक' ठेवू की 'बोश्न्याक'? लेखात हा शब्द पानापानावर आहे.

बोरूबहाद्दर
मूळ उच्चार 'बोश्न्याक' असेल तर तोच. इंग्रजीच्या वाटेने आलेलं रूप आपण का घ्यावं?